‘पाणी’वर तुटलेली नोटीस : एंटर दाबल्यावर काय व्हायला हवं होतं

दादरच्या एका ऑफिसातून सहा गृहनिर्माण सोसायट्यांचा कारभार चालतो. मेंटेनन्सची बिलं, लिफ्टवाल्याचा पाठपुरावा, गळतीच्या तक्रारी, नोटिसा, सगळं तिथूनच. सभासदांच्या फोनवर सोसायटीचं एक अ‍ॅप आहे आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्याचं पॅनेल. पॅनेलमध्ये लिहायच्या दोन चौकटी आहेत. एक तक्रारीला उत्तर द्यायची, ते एकाच फ्लॅटला जातं. दुसरी नोटिशीची, ती एका दमात चारशेहून जास्त फोनवर वाजते. हे पॅनेल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिली तक्रार हीच होती की नोटिसा ‘आपोआप’ जातात.

ज्या नोटिशीवरून आरडाओरड झाली ती अशी गेली होती :

“सर्व सभासदांना कळविण्यात येते की, उद्या सकाळी ११ ते सायंकाळी ७ पाणी”

एवढंच. पुढे यायचं होतं, ‘येणार नाही, महापालिकेचं जलवाहिनीचं काम आहे, आज रात्री पाणी भरून ठेवावे.’ मुंबईत पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, त्यामुळे अर्ध्या लोकांनी वाचलं की उद्या दिवसभर पाणी आहे, म्हणजे चैनच. उरलेल्यांनी ऑफिसला फोन लावले. लिहिणाऱ्या ताईंनी घाईघाईने पूर्ण नोटीस पाठवली, पण तोवर पहिली फोनच्या पडद्यावर झळकून गेली होती. अ‍ॅपच्या यादीतून नोटीस काढून टाकता येते. एकदा वाजलेलं नोटिफिकेशन परत बोलावता येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

मॅनेजरांचं म्हणणं होतं, “ताईंना घाई फार.” ताई म्हणत होत्या, “मी पाठवलंच नाही, मी फक्त शब्द निवडला.” ताईंच्या या वाक्यात अर्धं उत्तर होतं. पण आधीच्या माणसाने ते न ऐकता एक उपाय करून ठेवला होता : पाठवण्याआधी ‘खात्री आहे का?’ असं विचारणारी खिडकी. ती येऊनही अर्धवट नोटिसा जातच राहिल्या. त्या खिडकीकडे पुढे येतोच. आधी अर्धवट गेलेल्या नोटिसा गोळा करायला हव्या होत्या, आणि त्यांचं एकच कारण आहे की अनेक, हे बघायला हवं होतं.

त्या शोधणं सोपं निघालं. अर्धवट नोटीस गेली की माणूस काही मिनिटांत तीच पुन्हा पूर्ण करून पाठवतो. त्यामुळे एकाच लॉगिनवरून लागोपाठ गेलेल्या अशा दोन नोटिसा काढायच्या, ज्यांत दुसरीची सुरुवात म्हणजे अख्खी पहिली आहे. अशी यादी निघाल्यावर प्रत्येक पहिली नोटीस नेमकी कुठे तुटली ते बघितलं. तुटण्याच्या तीन जागा दिसल्या.

काही नोटिसा वाक्याच्या मध्येच, एखादा शब्द पूर्ण होताच तुटलेल्या. काही ‘प्रति, सर्व सभासद’ किंवा ‘विषय : वार्षिक सर्वसाधारण सभा’ अशा ओळीनंतर. आणि काही आकड्यावर : ‘थकबाकी रु. 3450’. त्याहून महत्त्वाचा धागा साठवलेल्या मजकुराच्या शेवटी होता. सर्व्हर मजकूर छाटत नव्हता, जसा आला तसा ठेवत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या नोटिशीच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह, म्हणजे `\n`, होतं. पहिल्या जातीत ते नव्हतं. याचा अर्थ पहिल्या जातीत एंटर दाबलं गेलं, नोटीस गेली, पण चौकटीत नवी ओळ उघडलीच नाही. तिथे एंटर दुसऱ्याच कामासाठी खर्च झालं होतं.

ताई मराठी कसं लिहितात ते शेजारी बसून पाहिलं. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून. रोमन अक्षरांत `pani` टाइप केलं की शब्दाखाली रेघ येते आणि शेजारी पर्यायांची यादी उघडते. हवा तो शब्द निवडून एंटर दाबलं की तो पक्का होतो. रेघ असेपर्यंतचा शब्द कच्चा असतो, ब्राउझर त्या अवस्थेला ‘कंपोझिशन’ म्हणतो. त्या वेळचं एंटर कीबोर्डासाठी असतं, पॅनेलसाठी नसतं. पॅनेलला मात्र ते कळत नव्हतं.

याच ऑफिसात संध्याकाळच्या पाळीला एक ताई आहेत, त्या टायपिंगच्या क्लासला इनस्क्रिप्ट शिकलेल्या. इनस्क्रिप्टमध्ये कळ दाबली की अक्षर थेट उमटतं, यादीबिदी काही नाही. त्यांच्या लॉगिनवरून वाक्याच्या मध्ये तुटलेली नोटीस एकदाही गेलेली नव्हती. शंकेला याहून चांगला पुरावा मिळत नाही.

तरी डोळ्यांनी बघावं म्हणून त्या चौकटीवर कळांच्या घटना छापून घेतल्या. मजकूर नाही, फक्त कळेची माहिती. सभासदांच्या तक्रारींतला मजकूर तपासणीच्या नावाखाली कुठे साठवून ठेवायचा नसतो. शब्द पक्का करायला एंटर दाबल्यावर क्रोममध्ये हे दिसलं :

```
keydown         key=Process  keyCode=229  isComposing=true
compositionend
keyup           key=Enter    keyCode=13   isComposing=false
```

कळ खाली जाते तेव्हा ब्राउझर स्वच्छ सांगतो की ही कीबोर्डाच्या कामात आहे : २२९ हा आकडा त्याचीच खूण. कळ वर येते तोवर शब्द पक्का झालेला असतो, कंपोझिशन संपलेलं असतं, आणि वर येणारी कळ साध्या एंटरसारखी दिसते. पॅनेलचा जुना कोड नेमका `keyup` ऐकत होता आणि १३ आकडा दिसला की पाठवत होता. इंग्रजीत टाइप करून ज्याने ते तपासलं असेल, त्याला यात काही वावगं दिसणं शक्यच नव्हतं. इंग्रजीत शब्द पक्का करायची पायरीच नसते.

पहिल्या जातीची दुरुस्ती म्हणून छोटी. `keyup` सोडून `keydown` ऐकायचं आणि कंपोझिशन चालू असेल तर हात लावायचा नाही. दोन्ही खुणा तपासाव्या लागतात, कारण सफारीत क्रम उलटा आहे : तिथे `compositionend` आधी येतं आणि एंटरचं `keydown` नंतर. त्यामुळे `isComposing` खोटं निघतं, पण २२९ टिकून असतो. `keyCode` जुना झाला, वापरू नये असं सगळीकडे लिहिलेलं असतं. या एका जागी तो वापरावाच लागतो.

दुसरी जात, म्हणजे ‘प्रति, सर्व सभासद’ नंतर तुटलेल्या नोटिसा, हा कोडचा दोष नाही. चौकट ठरल्याप्रमाणेच वागत होती, एंटरने पाठवत होती. लिहिणारा मात्र पत्र लिहीत होता. वर्डमध्ये एंटरने ओळ बदलते, जीमेलमध्येही एंटरने ओळ बदलते आणि पाठवायला कंट्रोल-एंटर लागतं. एक्सेलमध्ये एंटरने खालच्या खान्यात जातो, खान्यातल्या खान्यात ओळ बदलायची तर आल्ट-एंटर. चॅटमध्ये एंटरने निरोप जातो आणि शिफ्ट-एंटरने ओळ बदलते. एकच माणूस दिवसभरात हे चारही करतो. कुठल्या वेळी बोट कुठल्या सवयीने पडेल, हे बहुतेक समोरच्या चौकटीच्या आकारावर आणि हातातल्या मजकुरावर ठरतं. पॅनेलमधली नोटिशीची चौकट आठ-दहा ओळींची, मोठी, अगदी पत्राच्या कागदासारखी. वागणूक मात्र चॅटची.

आता ती ‘खात्री आहे का?’ची खिडकी. नोटीस लिहिणारा माणूस बहुतेक वेळा पडद्याकडे बघत नसतो, सेक्रेटरींनी पाठवलेल्या कागदाकडे बघत असतो. ‘प्रति, सर्व सभासद’ लिहिल्यावर एक ओळ मोकळी सोडायची म्हणून तो एंटर दोनदा दाबतो. पहिल्या एंटरने खिडकी उघडते. ब्राउझरच्या `confirm()` खिडकीत ‘ओके’ आधीच निवडलेलं असतं, म्हणून दुसऱ्या एंटरने होकार जातो. माणूस मान वर करतो तेव्हा चौकट रिकामी झालेली असते. ‘आपोआप गेलं’ असं त्याला वाटतं, आणि त्याच्या जागी कुणालाही तेच वाटेल. जी कळ चुकून दाबली जाते, त्याच कळेने होकार देता येत असेल तर त्या विचारण्याला अर्थ नाही. शिवाय रोज दहा-वीस वेळा तीच खिडकी आली की तिचा मजकूर कोणी वाचत नाही, बोटच उत्तर देतं.

तिसरी जात हिशेब बघणाऱ्या भाऊंची. ते सकाळभर टॅलीत असतात. टॅलीत एंटर म्हणजे ‘हा आकडा स्वीकारला, पुढचा खाना’. तेही अंकांच्या कप्प्यातलं मोठं एंटर, उजव्या हाताच्या करंगळीखालचं. थकबाकीची नोटीस लिहिताना रक्कम टाकली की करंगळी आपसूक खाली जाते. ब्राउझरला दोन्ही एंटरांत `key` सारखंच दिसतं, फरक फक्त `code` मध्ये : एक `Enter`, दुसरं `NumpadEnter`. छापून घेतलेल्या घटनांत भाऊंची जवळजवळ सगळी एंटरं दुसऱ्या प्रकारची निघाली. अंकांच्या कप्प्यातल्या एंटरने कधीच पाठवायचं नाही, असा एक सुटा नियम करता आला असता. केला नाही, कारण त्याची गरज पुढच्या निर्णयात आपोआप संपत होती.

निर्णयाच्या बैठकीत मॅनेजर, दोन्ही ताई, भाऊ आणि मी. मॅनेजरांची मागणी साधी होती : सगळीकडे एंटरने ओळ बदला, विषय संपला. सकाळच्या ताईंनी लगेच मोडता घातला. “तक्रारीला उत्तर देताना मी दिवसभर ‘प्लंबर निघालाय’, ‘वॉचमनला सांगितलंय’ एवढंच लिहिते. तिथे दरवेळी दोन कळा दाबायला लावलंत तर हात दुखेल हो.” त्यांचं बरोबर होतं. एका ओळीच्या झटपट उत्तरात एंटरने पाठवणं हीच सोय आहे, आणि चुकून गेलंच तर ते एका फ्लॅटला जातं. पाठोपाठ दुरुस्ती लिहिली की झालं.

म्हणून दोन्ही चौकटींना एकच नियम लावायचा नाही असं ठरलं. चूक कुठल्या बाजूला झाली तर काय पडतं, हे धरून चाललो. पाठवायचं होतं आणि फक्त ओळ बदलली, तर माणसाला ते लगेच दिसतं आणि नुकसान काहीच नाही. ओळ बदलायची होती आणि पाठवलं गेलं, तर नोटिशीच्या चौकटीत ती चूक चारशे घरांत जाते. नोटिशीत एंटर म्हणजे फक्त नवी ओळ, पाठवायला कंट्रोल-एंटर किंवा बटण. ही सेटिंग कुणालाही बदलता येणार नाही. तक्रारीच्या चौकटीत एंटरने पाठवायचं, पण ज्याला नको त्याने आपल्या लॉगिनमध्ये बदलून घ्यावं. शिफ्ट-एंटरने दोन्हीकडे ओळच बदलेल, म्हणजे चॅटची सवय असलेलं बोट नोटिशीतही सुखरूप राहील.

नोटिशीच्या चौकटीचा कोड एवढाच झाला :

```js
box.addEventListener('keydown', (e) => {
  if (e.isComposing || e.keyCode === 229) return;
  if (e.key !== 'Enter') return;
  if ((e.ctrlKey || e.metaKey) && !e.repeat) {
    e.preventDefault();
    queueNotice();
  }
});
```

`metaKey` मॅकच्या कमांड कळेसाठी. `repeat` यासाठी की कळ दाबून धरली तर ब्राउझर तीच घटना पुन्हा पुन्हा पाठवतो, आणि एकच नोटीस दोनदा रांगेत लागायला नको. तक्रारीच्या चौकटीत अट थोडी वेगळी, पण पहिली ओळ तीच.

शेवटचं नाव `queueNotice` आहे, ‘पाठव’ नाही. खात्रीची खिडकी काढून टाकली आणि तिच्या जागी नोटीस दोन मिनिटं रांगेत थांबवली. तेवढा वेळ वर पट्टी दिसते, नोटिशीची शेवटची ओळ ठळक आणि बाजूला ‘थांबवा’. जीमेलमध्ये पाठवलेलं मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, तेही असंच : पत्र तेवढा वेळ सोडलेलंच नसतं. शेवटची ओळ दाखवायचं कारण उघड आहे, अर्धवट नोटीस शेवटालाच तुटते. ‘सायंकाळी ७ पाणी’ असं ठळक दिसलं की कुणाच्याही लक्षात येईल. लिफ्ट अडकली, मीटर रूममध्ये धूर निघाला, अशा वेळी दोन मिनिटं फार. त्यासाठी ‘लगेच पाठवा’ असं वेगळं बटण ठेवलं, पण त्याला कळ जोडली नाही. ते माऊसनेच दाबायचं.

सेटिंग कुठे साठवायची यावरून थोडा घोळ होता, तो सांगण्यासारखा आहे. सोपा रस्ता म्हणजे ब्राउझरमध्येच, `localStorage` मध्ये. पण या ऑफिसात दोन पाळ्यांना मिळून एकच कॉम्प्युटर आहे. सकाळच्या ताईंनी एंटरने पाठवायचं ठेवलं, की संध्याकाळच्या ताईंनाही तेच मिळालं असतं. त्यांनी ते बदललं, की दुसऱ्या दिवशी सकाळी उलटा घोळ. कालपर्यंत ओळ बदलणारी कळ आज पाठवते, ही अवस्था कुठल्याही एका ठाम नियमापेक्षा वाईट. सेटिंग सर्व्हरवर, लॉगिनला बांधली. आणि प्रत्येक चौकटीखाली सध्या काय चालू आहे ते एका ओळीत लिहिलं : ‘एंटर : नवी ओळ. कंट्रोल + एंटर : पाठवा.’ दोन्ही चौकटी पूर्वी एकाच पानावर वरखाली होत्या, त्या वेगळ्या पानांवर नेल्या. तक्रारीची चौकट एका ओळीएवढी ठेवली, म्हणजे ती पत्रासारखी दिसतच नाही.

फोनचं गणित निराळं. दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी स्वतः मोबाइलवरून नोटिसा टाकतात. पडद्यावरच्या कीबोर्डात कंट्रोल कळ सहसा नसते आणि शिफ्ट-एंटर ही सोय बहुतेक कीबोर्डांत मिळत नाही. म्हणून फोनवर दोन्ही चौकटींत एंटरने ओळच बदलायची, पाठवायचं ते बटणाने. एचटीएमएलमध्ये `enterkeyhint="send"` लिहिलं की फोनच्या कीबोर्डावर एंटरच्या जागी पाठवण्याचं चिन्ह येतं. जुन्या पॅनेलमध्ये ते होतंच. पण त्याने फक्त कळेवरचं चित्र बदलतं, वागणूक आपल्यालाच लिहावी लागते. एंटरने ओळ बदलायची असेल तर ते चिन्ह खोटं बोलतं, म्हणून `enter` केलं.

एका सेक्रेटरी काकांचे अर्धवट निरोप तरीही येत राहिले, पण ते पॅनेलमधून नव्हते, कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते. त्यांच्या अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये, चॅट्सखाली, `Enter is send` चालू होतं. ते बंद केलं. स्लॅक वापरणाऱ्यांना हेच `Preferences` मधल्या `Advanced` खाली सापडेल, टेलिग्रामच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये चॅट सेटिंग्जखाली. टीम्समध्ये लिहायची चौकट मोठी करून उघडली की एंटर ओळ बदलतं आणि कंट्रोल-एंटर पाठवतं, हे रोज टीम्सवर बसणाऱ्या पुष्कळांना माहीत नसतं.

बदलानंतर तीच जुनी तपासणी, लागोपाठच्या दोन नोटिसांत दुसरीची सुरुवात म्हणजे पहिली, पुन्हा चालवली. वाक्याच्या मध्ये तुटलेल्या नोटिसा थांबल्या. शीर्षकानंतर तुटलेल्याही. आकड्यावरच्या थांबल्या, पण भाऊंच्या नोटिशीत रकमेनंतर नको तिथे मोकळी ओळ येऊ लागली. करंगळी काही बदललेली नाही. ती ओळ ते पाठवण्याआधी काढतात, कधी राहूनही जाते.

जे उरलं ते वेगळ्या जातीचं आहे : नोटीस पूर्ण, पण तारीख चुकलेली, किंवा ए विंगची सूचना बी विंगला. याला एंटर जबाबदार नाही आणि शेवटची ओळ ठळक करूनही ते पकडलं जात नाही. रांगेच्या पट्टीत आता कुठल्या विंगला आणि किती फ्लॅटना जातंय, तेही दाखवायचं काम घेतलं आहे. ताईंना दोन मिनिटं जास्त वाटतात, त्यांना एक हवं आहे. मॅनेजरांना पाच. तूर्त दोनच ठेवली आहेत.